काकडी फ्रिजमध्ये का बिघडते आणि फ्रिजबाहेर का पिवळी पडते

आज काकडीपासून सुरुवात करू. कुठली भाजी फ्रिजबाहेर ठेवायची आणि कुठलं फळ कुणाच्या शेजारी ठेवायचं नाही, हे दोन्ही प्रश्न काकडी एकटीच समजावून सांगते.

एकाच वेळी आणलेल्या चार काकड्या घ्या. दोन फ्रिजमध्ये अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवा, दोन पिकलेल्या सफरचंदांबरोबर पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधून बाहेर ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी बघा. फ्रिजमधल्या काकडीच्या सालीवर बारीक खळगे पडलेले दिसतील, बोटाने दाबलं तर तिथे पाणी सुटल्यासारखं लागेल, आणि ती काकडी बाहेर काढून ठेवली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्या खळग्यांवर बुरशी धरायला लागेल. पिशवीतल्या काकडीवर खळगे नसतील. तिचा हिरवा रंग उतरलेला असेल, साल पिवळसर झालेली असेल आणि गर मऊ पडलेला असेल. दोन्ही काकड्या खराबच, पण कारणं अगदी वेगळी. पहिलीला थंडी बाधली, दुसरीला शेजाऱ्याचा वायू. या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्या नाहीत तर उपाय उलटा होतो: थंडीने बिघडलेली भाजी आपण आणखी थंड जागी ढकलतो आणि वायूने बिघडलेली भाजी आणखी घट्ट बांधून ठेवतो.

आधी थंडीचं बघू.

घरचा फ्रिज साधारण 4 ते 5 अंश सेल्सियसवर चालतो. दूध, शिजवलेलं अन्न, पालेभाज्या यांना हे तापमान चांगलं आहे. पण उष्ण प्रदेशात उगम पावलेल्या वनस्पतींची फळं या तापमानाला तयार नसतात. त्यांच्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं अतिशय पातळ पटल असतं. उबेत ते लवचिक राहतं. तापमान 10-12 अंशांच्या खाली गेलं की ते ताठरायला लागतं, जसं थंडीत तूप थिजतं तसं. ताठरलेल्या पटलातून पाणी आणि क्षार गळतात, आतले जे रस एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात ते एकमेकांत मिसळतात. काकडीवरचे खळगे म्हणजे सालीखालच्या अशाच फुटलेल्या, कोसळलेल्या पेशी. इथे पाणी गोठत नाही, हे लक्षात घ्या. गोठणं शून्याच्याही खाली होतं. ही इजा शून्याच्या बऱ्याच वर होते, म्हणून ती आपल्याला ओळखू येत नाही.

या इजेला वेळेचंही माप आहे. काकडी 10 अंशांच्या खाली दोन-तीन दिवस सहज सोसते, त्यानंतर खुणा दिसायला लागतात. म्हणून उद्या-परवा खायची काकडी फ्रिजमध्ये ठेवली तर काहीच बिघडत नाही. आठवडाभर ठेवायची असेल तर बिघडतं. आणि खुणा बऱ्याचदा फ्रिजमध्ये दिसत नाहीत, बाहेर काढल्यावर उबेत दिसतात. त्यामुळे माणसाला वाटतं की बाहेर ठेवल्याने खराब झाली. प्रत्यक्षात ती आतच खराब झालेली असते.

काकडीच्या कुटुंबातले आणि स्वभावाने तिच्यासारखे आणखी बरेच आहेत. वांगं थंडीत सालीवर डाग घेतं आणि आतल्या बिया काळपट होतात. अख्खा लाल भोपळा 10 ते 13 अंशांत महिनोन्महिने टिकतो, तोच फ्रिजमध्ये कमी टिकतो. अख्खं कलिंगड तसंच, कापल्यावर मात्र त्याला फ्रिजच हवा. रताळ्याची गोष्ट वेगळीच: थंडीत राहिलेल्या रताळ्याचा गाभा इतका निबर होतो की कितीही शिजवलं तरी तो भाग मऊ होत नाही. कच्चा आंबा साधारण 13 अंशांच्या खाली गेला की नंतर सारखा पिकत नाही. तुळशीच्या कुळातली सुगंधी पानंही फ्रिजमध्ये काळी पडतात; ती फुलांसारखी पाण्याच्या पेल्यात उभी करून बाहेर ठेवावीत.

केळ्याकडे जरा बारकाईने बघू, कारण केळं फ्रिजमध्ये ठेवावं की नाही यावर घरोघरी दोन मतं असतात आणि दोन्ही अर्धी बरोबर असतात. हिरवं केळं 13 अंशांच्या खाली गेलं की पिकण्याची क्रियाच मोडते. नंतर उबेत ठेवलं तरी सालीला तो लख्ख पिवळा रंग येत नाही, मळकट करडी छटा राहते, आणि गर नीट गोड होत नाही. म्हणजे कच्चं केळं फ्रिजमध्ये कधीही ठेवायचं नाही. पिकलेल्या केळ्याचं काम मात्र झालेलं असतं. ते फ्रिजमध्ये ठेवलं की एक-दोन दिवसांत साल तपकिरी, मग काळी होते. सालीतली पटलं फुटतात, आत वेगळे ठेवलेले फिनॉल गटातले पदार्थ एका विकराच्या संपर्कात येतात आणि रंग बदलतो. कापलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं तोच प्रकार. आतला गर मात्र आणखी काही दिवस चांगला राहतो. तेव्हा पिकलेलं केळं फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, फक्त सालीकडे बघून ते टाकून द्यायचं नाही.

टोमॅटोचं नुकसान रंगावरून कळत नाही, जिभेवर कळतं. टोमॅटोची चव म्हणजे साखर आणि आंबटपणा एवढंच नसतं, त्यात वासाचे अनेक बाष्पशील पदार्थ असतात, आणि ते फळ शेवटपर्यंत बनवत असतं. 2016 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकलेले टोमॅटो 5 अंशांत सात दिवस ठेवून पाहिले. वास बनवणारी काही जनुकं थंडीत मंदावली आणि फळं पुन्हा उबेत आणली तरी पूर्वीसारखी चालू झाली नाहीत. साखर आणि आम्ल यांत मोठा फरक नव्हता. गेला तो सुगंध. एक ते तीन दिवसांच्या थंडीने असं झालं नाही. यातून घरासाठी साधा नियम निघतो: अर्धवट पिकलेला टोमॅटो बाहेर, पूर्ण पिकलेला आणि लगेच न लागणारा टोमॅटो फ्रिजमध्ये, पण दोन-तीन दिवसच. पूर्ण पिकलेला टोमॅटो तापलेल्या खोलीत कुजू देण्यापेक्षा थोडा सुगंध गेलेला बरा.

बटाटा, कांदा, लसूण यांना बाहेर ठेवण्याची कारणं निराळी आहेत. थंडीत बटाट्यातला स्टार्च मोडून साखर होते. असा बटाटा तळला की बाहेरून चटकन काळपट होतो, गोडसर लागतो, आणि त्या साखरेमुळे तळताना किंवा भाजताना अॅक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थ जास्त बनतो. अन्नात तो बनतो हे 2002 मध्ये स्वीडनमध्ये लक्षात आलं. उकडायच्या बटाट्याला ही अडचण नाही, कारण उकळत्या पाण्याचं तापमान त्यासाठी पुरत नाही. चुकून फ्रिजमध्ये राहिलेले बटाटे आठवडा-दोन आठवडे 15 ते 20 अंशांत, अंधारात ठेवले तर बरीचशी साखर पुन्हा कमी होते. अंधार आवश्यक आहे; उजेडात बटाटा हिरवा होतो आणि कडू, विषारी सोलॅनिन वाढतं.

लसणाचं तर फ्रिजशी अगदीच जमत नाही. शीतगृहात तो शून्याच्या आसपास, कोरड्या हवेत ठेवतात आणि तो महिनोन्महिने झोपून राहतो. पण 5 ते 18 अंश या पट्ट्यात त्याला सर्वांत लवकर कोंब येतात, आणि घरचा फ्रिज या पट्ट्याच्या उंबरठ्यावरच असतो. शिवाय तिथली हवा दमट. कांद्यालाही हाच दमटपणा मारतो. दोघांना हवा खेळती राहील अशी जाळीची पिशवी किंवा उघडी टोपली, सावली आणि कोरडेपणा एवढंच पुरतं. कांदा-बटाटा एकत्र ठेवू नये, असं म्हणतात ते खरं आहे, पण त्याला कारण म्हणून इथिलीन सांगतात ते पटण्यासारखं नाही; कांद्यातून इथिलीन अगदी नगण्य येतं. बटाटा सतत ओलावा सोडतो आणि कांदा त्या ओलाव्याने मऊ पडून कुजतो, हे खरं कारण.

आता इथिलीनचं नाव निघालंच आहे, तर त्या पिवळ्या काकडीकडे येऊ.

इथिलीन हा अगदी साधा वायू: दोन कार्बन, चार हायड्रोजन. तो वनस्पतींचा संप्रेरक आहे, म्हणजे वनस्पतीच्या शरीरातला निरोप्या. 1901 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव यांच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं सरळ वर न वाढता आडवी वाढतात, आणि बाहेरच्या स्वच्छ हवेत नेली की सरळ होतात. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतल्या इथिलीनचा तो परिणाम होता. पण झाड स्वतःच हा वायू बनवतं हे सिद्ध व्हायला 1934 साल उजाडलं. इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी पिकणाऱ्या सफरचंदांतून निघणारा वायू पकडून तो इथिलीनच आहे, हे दाखवून दिलं.

काही फळं तोडल्यानंतरही पिकतात: केळं, आंबा, पपई, टोमॅटो, सफरचंद, नासपती, पेरू, सीताफळ, अॅव्होकॅडो. पिकण्याची वेळ झाली की त्यांच्यात थोडं इथिलीन बनतं, ते इथिलीन फळाला आणखी इथिलीन बनवायला सांगतं, आणि काही दिवसांत तो वायू शेकडो पटींनी वाढतो. म्हणून ढिगातलं एक फळ पुढे गेलं की बाकीचे त्याच्यामागे धावतात. मार लागलेलं, चिरलेलं किंवा कुजू लागलेलं फळ तर अजूनच जास्त वायू सोडतं, आणि काही बुरशीसुद्धा इथिलीन बनवतात. द्राक्षं, संत्री, डाळिंब, स्ट्रॉबेरी, अननस, काकडी ही दुसऱ्या गटातली. ती तोडल्यावर पिकत नाहीत, आणि त्यांच्यातून इथिलीनही फार कमी येतं.

पण कमी सोडणं आणि कमी सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काकडी स्वतः फारसा वायू सोडत नाही, पण शेजारच्याचा तिला चांगलाच लागतो. झाडाच्या लेखी इथिलीन म्हणजे 'आता म्हातारं व्हा' असा निरोप. फळाला तो मिळाला की ते पिकतं, पानाला मिळाला की ते पिवळं होऊन गळतं. पालक, कोथिंबीर, कोबी ही पानं. ब्रोकोली म्हणजे न उमललेल्या कळ्या. काकडी म्हणजे अर्धवट वाढीत तोडलेलं हिरवं फळ. या सगळ्यांमधला हिरवा रंग टिकवायचा असतो आणि इथिलीन तोच रंग मोडायला सांगतं.

किती वायू लागतो? इथे थोडं गणित करू, कारण त्याशिवाय घरात कुठे काळजी घ्यायची आणि कुठे नाही, हे कळत नाही. बऱ्याच नाजूक भाज्यांना हवेच्या दशलक्ष भागांत एक भाग इथिलीन असलं तरी पुरतं. काहींना त्याच्या दशांशानेही फरक पडतो. किवी तर त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही मऊ पडायला लागतं. एक लिटर हवेत एक मायक्रोलिटर वायू मिसळला की दशलक्षात एक भाग होतो, एवढं माप लक्षात ठेवा.

आता तीन मध्यम सफरचंदं घ्या, मिळून अर्धा किलो. फ्रिजच्या थंडीत पिकलेलं सफरचंद दर किलोमागे तासाला साधारण 5 मायक्रोलिटर इथिलीन सोडतं असं धरू; जातीनुसार आणि पिकण्यानुसार हे कमी-जास्त होतं. म्हणजे आपली तीन सफरचंदं तासाला अडीच मायक्रोलिटर सोडतात. ती फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या बंद कप्प्यात ठेवली आणि कप्पा 20 लिटरचा असला, तर एका तासात प्रमाण दशलक्षात 0.125 होईल आणि आठ तासांत एक. संध्याकाळी ठेवलीत तर सकाळपर्यंत पालकाला म्हातारं व्हायचा निरोप पोचलेला असेल. कप्पा पूर्ण हवाबंद नसतो, बराच वायू बाहेर जातो, म्हणून खरा आकडा कमी येईल, पण सफरचंदं थांबत नाहीत, दिवसरात्र सोडतच राहतात.

आता तीच सफरचंदं कप्प्यातून काढून वरच्या उघड्या फळीवर ठेवा. फ्रिजची आतली जागा 200 लिटर धरली तर वायू दहापट जागेत पसरतो, आणि दार उघडलं की बराचसा निघून जातो. नुसती जागा बदलल्याने पालकाला लागणारा वायू कितीतरी कमी झाला.

आणि हीच सफरचंदं खोलीत ठेवली तर? उबेत ती दसपट वायू सोडतील, तासाला 25 मायक्रोलिटर धरू. पण तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत 27,000 लिटर हवा असते. तासाला दशलक्षात एक हजारांश भागसुद्धा भरत नाही, आणि खिडकी-दारातून हवा बदलत राहते. म्हणून उघड्या परातीत मांडलेली फळं खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भाजीचं काही बिघडवत नाहीत. बिघडवते ती कोंडलेली हवा: बांधलेली पिशवी, बंद कपाट, झाकलेली टोपली, फ्रिजचा कप्पा. काकडी त्या पिशवीत पिवळी पडली ती शेजारामुळे, पण त्याहून जास्त पिशवीच्या गाठीमुळे.

याच गणिताचा उलटा उपयोगही होतो. अॅव्होकॅडो कच्चा आहे आणि दोन-तीन दिवसांत हवा आहे, तर एका पिकलेल्या सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत घालून पिशवीचं तोंड नुसतं मुडपा. पिशवी कागदाचीच घ्या. पिकणाऱ्या फळाला प्राणवायू लागतो आणि ते कार्बन डायऑक्साइड सोडतं; प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचून पिकणं मंदावतं आणि साचलेल्या पाण्याने बुरशी धरते. तापमान 18 ते 22 अंश असेल तर उत्तम. फार तापलेल्या खोलीत, 30 अंशांच्या वर, टोमॅटोत लाल रंग बनायचा थांबतो आणि तो नारिंगी-पिवळाच राहून मऊ पडतो. केळ्याचा गर मऊ होतो आणि साल मात्र हिरवट राहते. तेव्हा 'बाहेर ठेवा' म्हणजे चुलीजवळ किंवा उन्हात ठेवा असं नव्हे. घरातली सर्वांत थंड, सावलीची, हवेशीर जागा.

आता एका आठवड्याची भाजी समोर ठेवून हे सगळं लावून बघू. अर्धा किलो सफरचंदं, सहा हिरवट-पिवळी केळी, एक किलो अर्धवट पिकलेले टोमॅटो, अर्धा किलो काकडी, एक जुडी पालक, अर्धा किलो गाजर, एक ब्रोकोली, बटाटे आणि कांदे.

पहिलं काम निवडण्याचं. दबलेली, चिरलेली फळं बाजूला काढून त्याच दिवशी वापरा, कारण वायूचा सर्वांत मोठा उगम तीच असतात. बटाटे अंधाऱ्या जागी, कांदे वेगळ्या उघड्या टोपलीत. केळी उघड्यावर, जमलं तर टांगून. केळ्यांच्या देठांना प्लॅस्टिक गुंडाळायची एक पद्धत आहे, पण वायू सबंध फळातून येतो. देठ झाकल्याने फार काही हाती लागत नाही. टोमॅटो एका थरात, देठाची बाजू खाली करून मांडा. टोमॅटोतलं पाणी मुख्यतः देठाच्या खुणेतून जातं आणि बुरशीही तिथूनच शिरते. केळी आणि टोमॅटो यांच्यात हातभर अंतर पुरे.

काकडीला 10 ते 12 अंश हवेत, आणि तेवढं तापमान घरात सहसा मिळत नाही. त्यातल्या त्यात फ्रिजच्या दारातला कप्पा सर्वांत उबदार असतो. खात्री करायची तर पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर तिथे ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी वाचा. नुसत्या हवेतलं माप दार उघडलं की बदलतं, पाण्याचं बदलत नाही. दारात 8 अंश मिळाले तरी काकडीचं भलं. ती कोरड्या कापडात गुंडाळून तिथे ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. आठवड्याच्या आराखड्यात काकडी पहिल्या चार दिवसांत बसवायची, गाजर-कोबी शेवटी, कारण त्यांना थंडी मानवते.

पालक, ब्रोकोली आणि गाजर भाजीच्या कप्प्यात. गाजराची पानं आधी कापून टाका, ती मुळातलं पाणी ओढून घेतात. या कप्प्यात एकही सफरचंद, एकही पिकलेलं फळ जाणार नाही, एवढी एकच गोष्ट पाळायची. कप्प्याला हवेची खिडकी असेल तर पालेभाज्यांसाठी ती बंद ठेवा, म्हणजे ओलावा टिकेल. फळांच्या कप्प्याची उघडी ठेवा, म्हणजे वायू साचणार नाही. एकच कप्पा असेल तर तो भाज्यांना द्या आणि सफरचंदं वरच्या फळीवर ठेवा. जागा अजिबात नसेल तर पालक झाकणाच्या डब्यात कोरड्या कापडावर ठेवा आणि दोन दिवसांनी एकदा झाकण उघडून हवा बदला. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीवर भरवसा ठेवू नका, तिच्यातून इथिलीन हळूहळू आरपार जातं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोमॅटो आणि केळी पिकलेली असतील. त्या दिवशी लागणार आहेत तेवढी बाहेर, बाकीची फ्रिजच्या फळीवर. सफरचंदांच्या बाजूलाच ठेवली तरी चालतील. पूर्ण पिकलेल्या फळाला आणखी पिकवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं आणि थंडीत ती क्रियाही मंद असते. कप्प्यातली पालेभाजी मात्र लांबच.

आठवडाअखेर काही बिघडलंच तर कशाने, हे ओळखता येतं. खळगे, पाणी सुटलेले डाग, बाहेर काढल्यावर वाढणारी बुरशी: थंडी. सुरकुत्या, लुळी पानं, वाकणारं गाजर: पाणी उडालं, ओलावा कमी पडला, असं गाजर तासभर थंड पाण्यात ठेवलं तर बरंचसं सावरतं. ओलावा असून, डाग नसून सगळीकडे सारखा पिवळेपणा, ब्रोकोलीचे तुरे फिकट, पानं देठापासून सुटणं: इथिलीन. लेट्यूसच्या पानाच्या मधल्या जाड शिरेवर, तळाकडे, गंजासारखे तपकिरी ठिपके आले तर तेही इथिलीनचंच काम. गाजर पिवळं पडत नाही, कडू होतं. इथिलीन लागलं की ते स्वतःच्या बचावासाठी एक कडू पदार्थ बनवतं आणि तो बहुतेक सालीत साठतो. जरा जाडसर सोललं तर कडूपणा बराच कमी होतो.

समोरून प्रश्न आला आहे की इथिलीन शोषणाऱ्या पुड्या फ्रिजमध्ये ठेवल्याने काही होतं का. पुडीत काय आहे त्यावर अवलंबून आहे. सच्छिद्र खड्यांवर पोटॅशियम परमँगनेट चढवलेलं असेल तर ते इथिलीनचं खरोखरच विघटन करतं. असे खडे जांभळे असतात आणि काम करता करता तपकिरी होतात. पूर्ण तपकिरी झाले की पुडी संपली. ते हाताळायचे नाहीत, अन्नाला लागू द्यायचे नाहीत. खाण्याचा सोडा मात्र वास कमी करत असेल, इथिलीनचं तो काही करत नाही. आणि चांगली पुडीसुद्धा सफरचंदांनी भरलेल्या बंद कप्प्यात लवकर थकते. आधी सफरचंदं बाहेर काढा, मग पुडी ठेवा.

दुसरा प्रश्न: मग सफरचंदच फ्रिजबाहेर का नको? एक-दोन दिवसांत खायची असतील तर बाहेर ठेवा, काहीच हरकत नाही. पण सफरचंद थंड प्रदेशातलं फळ, बहुतेक जातींना थंडी मानवते, आणि उबेत ते कित्येक पटींनी लवकर मऊ, पिठूळ होतं. त्याला फ्रिज हवाच आहे. फक्त भाजीचा कप्पा त्याचा नाही.

तिसरा प्रश्न बटाट्याच्या पोत्यात सफरचंद ठेवायच्या सल्ल्याबद्दल. त्यात तथ्य आहे. इथिलीन सतत मिळत राहिलं तर बटाट्याचे कोंब वाढायचे थांबतात, आणि मोठ्या कोठारांत मोजून इथिलीन सोडूनही हे करतात. पण थोड्याच काळापुरतं मिळालं तर उलट झोपलेला बटाटा जागा होतो. कोठारात माप सांभाळणारं यंत्र असतं, घरी एका सफरचंदाच्या भरवशावर ते माप राहत नाही, आणि ते सफरचंद अंधारात विसरून कुजलं तर बटाटेही घेऊन जातं. एक-दोन किलो बटाट्यांसाठी अंधार आणि गारवा पुरेसा आहे. कोंब दिसायला लागले की ते खोलवर कापून काढा आणि तो बटाटा आधी वापरा.